सीआरओच्या पडद्याचा फोटो: वेव्ह ओळखताना आणि व्होल्ट काढताना चूक कुठे होते?

लक्षणं आधी सांगतो. यातलं एक जरी तुमच्याकडे दिसत असेल तर पुढचं वाचा.

- फोटोवरून काढलेलं व्होल्टेज हिशेबापेक्षा बरोबर दहापट कमी येतं, किंवा बरोबर दुप्पट किंवा निम्मं येतं.
- जनरेटरवर स्क्वेअर लावली आहे, पण पडद्यावर माथा सपाट दिसत नाही. तो तिरपा दिसतो किंवा सगळी वेव्हच ट्रँगल झालेली असते.
- एकाच फोटोकडे बघून एक जण साइन म्हणतो, दुसरा ट्रँगल.
- मल्टिमीटर एक सांगतो आणि फोटोतली उंची दुसरंच.

मी कोल्हापुरात डिप्लोमाच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये काम करतो आणि संध्याकाळी शिवाजी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये रिपेअरीच्या बाकावर बसतो. प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आली की माझा फोन सीआरओच्या फोटोंनी भरतो. कागल, गडहिंग्लज, इचलकरंजीची मुलं असतात आणि मधूनमधून उद्यमनगरातले मिस्त्रीही असतात. प्रत्येक वेळी मला तेच चार-पाच प्रश्न उलट विचारावे लागतात. त्याच क्रमाने इथे लिहितो. ज्याला पैसा आणि वेळ लागत नाही ते आधी, सर्किटला हात लावायचं काम शेवटी.

पहिलं: फोटोच नीट आहे का?

याला एक मिनिट लागतं आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. मोबाइल पडद्याच्या अगदी समोर, पडद्याच्या मध्याच्या उंचीवर धरा. फ्लॅश बंद करा. तिरपा फोटो काढला की जवळचे चौकोन मोठे आणि लांबचे लहान दिसतात. मग फोटोवर पट्टी ठेवून मोजलेली उंची चुकते. म्हणून सेंटिमीटर कधीच मोजू नका, चौकोन मोजा. वेव्ह जिथे आहे तिथलीच जाळी मोजली तर फोटो थोडा तिरपा असला तरी चालून जातं, कारण वेव्ह आणि जाळी दोन्ही सारख्याच वाकलेल्या असतात. मात्र जुन्या सीआरओत जाळी काचेवर वेगळी लावलेली असेल तर समोरूनच फोटो हवा. जाळी आणि रेघ यांच्यात अंतर असल्यामुळे बाजूने बघितलं की रेघ सरकलेली दिसते.

फोटोत पडद्याखेरीज VOLTS/DIV आणि TIME/DIV हे दोन नॉब आलेच पाहिजेत. नुसती हिरवी रेघ पाठवली तर आकार सांगता येईल, पण ती दोन मिलिव्होल्टची आहे की वीस व्होल्टची, हे जगात कुणीही सांगू शकणार नाही. डिजिटल स्कोप असेल तर हे आकडे पडद्याच्या कडेला लिहिलेले असतात, फक्त फोटो कापताना ती कड कापू नका.

जुन्या सीआरओच्या फोटोत रेघ अर्धीच आली, मध्येच तुटली, तर सर्किटला दोष देऊ नका. प्रकाशाचा ठिपका पडदाभर धावायच्या आत कॅमेऱ्याने डोळा मिटलेला असतो. TIME/DIV हळू असताना हे हमखास होतं. मोबाइलच्या नाइट मोडने पुन्हा काढा.

आणखी दोन गोष्टी करून ठेवा. पहिली, वेव्ह मोठी करा. डोळ्याने आपण साधारण चौकोनाच्या दहाव्या भागापर्यंत वाचतो. वेव्ह दोनच चौकोन उंच असेल तर तेवढी चूक पाच टक्के होते, सहा चौकोन उंच असेल तर दोन टक्क्यांच्याही आत येते. म्हणून पडद्याच्या आठपैकी पाच-सहा चौकोन भरतील असा VOLTS/DIV निवडा. दुसरी, पोझिशनच्या नॉबने वेव्हचा खालचा तळ एखाद्या आडव्या रेषेवर नेमका बसवा आणि एक शिखर मधल्या उभ्या रेषेवर आणा. त्या रेषेवर बारीक खुणा असतात, एका चौकोनात पाच भाग, म्हणजे एक खूण ०.२ चौकोनाची. रेघ जाड असेल तर वरच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत मोजा. खालची कड आणि वरची कड मिसळली की रेघेची जाडी हिशेबात घुसते.

दुसरं: नॉब आणि प्रोब काय सांगतात?

उंचीचा हिशेब सोपा आहे. चौकोन गुणिले VOLTS/DIV केलं की तळापासून शिखरापर्यंतचं, म्हणजे पीक-टू-पीक व्होल्टेज मिळतं. त्याचं निम्मं म्हणजे पीक, आणि पीकलाच अॅम्प्लिट्यूड म्हणतात. उत्तर बरोबर दुप्पट किंवा निम्मं येत असेल तर आधी हेच बघा, की वहीतला आकडा पीक आहे आणि तुम्ही पीक-टू-पीक लिहिलंय का. दुपटीचं दुसरं कारण जनरेटरमध्ये असतं. काही जनरेटर त्यांच्या पडद्यावरचा आकडा ५० ओहमचा लोड जोडलाय असं धरून दाखवतात. सीआरओचा इनपुट असतो एक मेगओहमचा. तिथे जनरेटरचं सगळं व्होल्टेज पोचतं आणि लिहिलेल्याच्या दुप्पट दिसतं.

दहापट फरक आला की प्रोबकडे बघा. प्रोबच्या दांडीवर एक छोटी सरकती पट्टी असते, 1X आणि 10X. 10X वर असताना प्रोब सिग्नलचा दहावा भागच आत सोडतो, त्यामुळे वाचलेलं व्होल्टेज दहाने गुणायचं. जुना सीआरओ हे तुमच्यासाठी करत नाही. डिजिटल स्कोप करतो, पण चॅनेलच्या मेनूत 10X निवडलं असेल तरच. मेनूत 10X आणि प्रोब 1X असा उलटा गोंधळ झाला तर उत्तर दहापट जास्त येतं. ही पट्टी फोटोत कधीच दिसत नाही. म्हणून मी मुलांना सांगतो की फोटोसोबत एक ओळ लिहा: प्रोब किती.

दहापट नाही, दुप्पट नाही, असा वेडावाकडा फरक असेल तर VOLTS/DIV च्या मधला किंवा शेजारचा छोटा नॉब बघा. त्यावर CAL लिहिलेलं असतं. तो CAL च्या जागी टक्क बसलेला नसेल तर VOLTS/DIV वरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. लॅबमध्ये आधीच्या बॅचमधल्या कुणीतरी तो फिरवलेला असतो आणि पुढच्या बॅचची सगळी रीडिंग वाया जातात.

तिसरं: साइन, स्क्वेअर की ट्रँगल?

स्क्वेअर सहसा ओळखू येते. भांडण होतं ते साइन आणि ट्रँगलवरून. पडद्यावर दहा-बारा आवर्तनं दाटीने बसली की साइनची शिखरंही टोकदार दिसतात, आणि रेघ जाड असेल तर ट्रँगलची टोकं गोल वाटतात. डोळ्यावर सोडू नका, मोजा. त्याआधी TIME/DIV बदलून पडद्यावर एक किंवा दोनच आवर्तनं राहतील असं करा.

आता शिखर आणि तळ यांच्या बरोबर मध्ये एक आडवी रेषा धरा. वेव्ह ही रेषा ओलांडून वर निघते त्या जागेपासून शिखरापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे पाव आवर्तन. त्या अंतराच्या मध्यावर या आणि तिथे वेव्ह किती उंच आहे ते वाचा. ट्रँगल सरळ रेषेत चढते, म्हणून निम्म्या वाटेवर ती निम्म्याच उंचीवर असते. साइन सुरुवातीला जोरात चढते आणि शिखराजवळ संथ होते, म्हणून निम्म्या वाटेवर तिने ७१ टक्के उंची गाठलेली असते. स्क्वेअर तर निघताच पूर्ण उंचीवर पोचलेली असते.

म्हणजे शिखर मध्यरेषेपासून तीन चौकोन वर असेल तर पाव आवर्तनाच्या मध्यावर ट्रँगल दीड चौकोनावर मिळेल, साइन २.१ वर आणि स्क्वेअर तीनवर. दीड आणि २.१ यांत अर्ध्या चौकोनाहून जास्त अंतर आहे. जाड रेघेच्या, थोड्या हललेल्या फोटोतही एवढं दिसतं. माझ्या मते हे एक मोजमाप शिकलं तर आकाराचे नव्वद टक्के वाद संपतात.

मधलाच आकडा आला तर तोही काहीतरी सांगतो. पीकच्या ८५-९५ टक्के आला आणि माथा थोडा सपाट असेल तर ती बहुधा कापली गेलेली साइन असते, कारण अँप्लिफायर सप्लायच्या मर्यादेला टेकला आहे. इनपुट कमी करा. माथा गोल झाला तर खात्री झाली. ५० आणि ७० च्या मध्ये आला तर टोकं झिजलेली ट्रँगल धरा. चढण आणि उतरण यांना लागणारा वेळ वेगवेगळा असेल तर ती करवतीच्या दात्यांसारखी सॉटूथ आहे. तिला ही चाचणी तशीच लावू नका, आधी चढणाऱ्या बाजूची रेघ सरळ आहे का तेवढं बघा.

आकार ठरवण्याचा उपयोग फक्त नाव लिहिण्यापुरता नाही. मल्टिमीटरशी ताळा जमवायचा असेल तर आकार माहीत हवाच. साइनचं आरएमएस म्हणजे पीक भागिले १.४१, ट्रँगलचं पीक भागिले १.७३, आणि स्क्वेअरचं आरएमएस म्हणजे पीकच. साधा मल्टिमीटर सगळ्यांनाच साइन समजून आकडा दाखवतो, त्यामुळे स्क्वेअरवर तो सुमारे ११ टक्के जास्त सांगतो.

चौथं: स्क्वेअरचा माथा तिरपा किंवा कोपरे गोल

आधी AC/GND/DC चा स्विच बघा. AC वर असताना सिग्नलच्या वाटेत एक कपॅसिटर येतो. हळू बदलणारं काहीही तो अडवतो आणि ५० हर्ट्झच्या स्क्वेअरचा सपाट माथा त्याला हळूच वाटतो. माथा उजवीकडे उतरता दिसायला लागतो. स्विच DC वर टाकला की तो सपाट होतो. म्हणून कमी फ्रिक्वेन्सीची स्क्वेअर नेहमी DC वरच बघा.

फोटो आधीच AC वर काढलेला असेल आणि पुन्हा काढता येत नसेल तर सगळ्यात वरच्या टोकापासून सगळ्यात खालच्या टोकापर्यंत मोजू नका, ते खऱ्यापेक्षा जास्त भरतं. वेव्ह ज्या उभ्या रेषेने खालून वर उडी मारते, तेवढ्या रेषेची लांबी मोजा. माथा कितीही तिरपा असला तरी उडीची उंची खरी असते, कारण अचानक बदल कपॅसिटर जसाच्या तसा पुढे जाऊ देतो.

कोपरे गोल किंवा उलट टोकदार उसळलेले असतील तर प्रोबला सीआरओच्या तोंडावरच्या कॅलिब्रेशन टर्मिनलला लावा. तिथे बहुतेक सीआरओत १ किलोहर्ट्झची स्क्वेअर मिळते आणि तिचं पीक-टू-पीक व्होल्टेज शेजारी छापलेलं असतं. प्रोब 10X वर ठेवा आणि प्रोबवरचा बारीक स्क्रू प्लास्टिकच्या पेचकसाने हळूहळू फिरवत कोपरे काटकोनात आणा. आता उंची वाचा. छापलेल्या आकड्याइतकी आली तर सीआरओ, प्रोब आणि तुमचं वाचन तिन्ही बरोबर आहेत. पुढे जे काही दिसेल तो सर्किटचा दोष. या फोटोशिवाय मी पाचव्या तपासणीला हात घालत नाही.

पाचवं: दोष सर्किटचा आहे

एक फोटो सविस्तर सांगतो, कारण त्यात दोन चुका एकमेकींना झाकत होत्या.

दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने रात्री नऊ वाजता पाठवला. खाली लिहिलेलं: "सर, गेन एकच यायलाय. आन् स्क्वेअर दिली तर ट्रँगल व्हायलीया. आयसी बदलून बघितली, तरी तेच." सर्किट होतं ७४१ चं इन्व्हर्टिंग अँप्लिफायर, गेन १०, सप्लाय अधिक-उणे १५ व्होल्ट. इनपुटला १० किलोहर्ट्झची स्क्वेअर, २.५ व्होल्ट पीक-टू-पीक. म्हणजे आउटपुटला २५ व्होल्ट पीक-टू-पीक स्क्वेअर यायला हवी होती.

फोटो स्वच्छ होता. VOLTS/DIV ०.५ वर, TIME/DIV १० मायक्रोसेकंदांवर. वेव्ह पाच चौकोन उंच आणि एक आवर्तन पडद्याची पूर्ण रुंदी, म्हणजे दहा चौकोन भरत होतं. दहा गुणिले दहा म्हणजे १०० मायक्रोसेकंद, म्हणजे १० किलोहर्ट्झ. तेवढं बरोबर होतं. उंचीचा त्याचा हिशेब पाच गुणिले ०.५, म्हणजे २.५ व्होल्ट. इनपुटही २.५. म्हणून गेन एक.

मी विचारलं, "इनपुट कशानं बघितलास?"

"जनरेटरची वायर थेट पहिल्या चॅनेलला, सर."

"आणि आउटपुट?"

थोडा वेळ काही आलं नाही. मग आलं, "प्रोबनं. 10X वर हाय."

म्हणजे आउटपुट २.५ नव्हे, २५ व्होल्ट होतं. गेन पूर्ण दहा होता. आयसी चांगली होती आणि त्याने बदलून टाकलेलीही चांगलीच असणार. गेनची तक्रार मिटली, आता आकार.

पाव आवर्तन म्हणजे अडीच चौकोन आणि त्याचा मध्य सव्वा चौकोनावर. शिखर मध्यरेषेपासून अडीच चौकोन वर होतं. फोटो मोठा करून सव्वा चौकोन उजवीकडे गेलो तर रेघ सव्वा चौकोनच वर होती. साइन असती तर पावणेदोनच्या थोडी वर दिसली असती. म्हणजे चोख ट्रँगल.

ट्रँगलची बाजू सरळ रेषा असते, तेव्हा तिचा चढ मोजता येतो. तळापासून शिखरापर्यंत २५ व्होल्ट, आणि त्याला लागलेला वेळ पाच चौकोन, म्हणजे ५० मायक्रोसेकंद. २५ भागिले ५० म्हणजे दर मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट. हा आकडा ओळखीचा आहे. ७४१ चं आउटपुट जास्तीत जास्त किती वेगाने बदलू शकतं, म्हणजे त्याचा स्ल्यू रेट, साधारण ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद असतो. इनपुट एका क्षणात उडी मारत होता आणि आउटपुट त्याच्या मागे आपल्या सर्वांत जास्त वेगाने धावत होतं. ते वर पोचेपर्यंत इनपुट उलटलेला असायचा. सपाट माथा बनायला वेळच उरत नव्हता, म्हणून ट्रँगल.

त्याला सांगितलं की फ्रिक्वेन्सी १ किलोहर्ट्झवर आण. दहा मिनिटांनी फोटो आला. माथा सपाट, फक्त बाजू किंचित तिरप्या. त्या ५० मायक्रोसेकंदांचा चढ तसाच होता, पण आता अर्धं आवर्तन ५०० मायक्रोसेकंदांचं झालेलं, त्यात तो दहावा हिस्सा. १० किलोहर्ट्झलाच चांगली स्क्वेअर हवी असेल तर जास्त वेगाची ऑप-अँप लावा. TL081 चा स्ल्यू रेट सुमारे १३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद आहे आणि पाय ७४१ सारखेच असल्याने त्याच जागी बसते. ऑफसेटचं जोडकाम केलेलं असेल तर तेवढं तपासून घ्या.

या फोटोची एक मर्यादा ध्यानात ठेवा. १० किलोहर्ट्झला ७४१ साधारण ८ व्होल्ट पीकपर्यंतच साइन नीट देऊ शकते. त्याहून बरंच जास्त मागितलं तर साइनचीही ट्रँगल होते. तेव्हा नुसता आउटपुटचा फोटो बघून आत साइन गेली होती की स्क्वेअर, हे कळत नाही. दोन्ही चॅनेल एकाच फोटोत आणा.

इथे थांबा

घरच्या लाइटला, इन्व्हर्टरच्या आउटपुटला किंवा एसएमपीएसच्या मेन्सकडच्या बाजूला प्रोब स्वतः लावू नका. प्रोबची ग्राउंड क्लिप आतून सीआरओच्या पत्र्याला आणि तिथून अर्थिंगला जोडलेली असते. ती फेजला लागली की सरळ शॉर्ट होतो. काही जण यावर उपाय म्हणून सीआरओच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकतात. मग शॉर्ट होत नाही, पण सीआरओचा सगळा पत्रा जिवंत होतो आणि पुढचा हात लावणारा माणूस त्या फेजला हात लावतो. हे कृपा करून कुणीही करू नका. यासाठी डिफरन्शियल प्रोब असतो आणि तो वापरायची सवय असलेला माणूस लागतो.

उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींचा फोन याच कामासाठी आला होता. "सर, इन्व्हर्टरवर व्होल्टेज कमी वाटतंय. क्लिप सॉकेटात घालून फोटो काढू काय?" मी म्हटलं, "मामा, लावू नका. इन्व्हर्टर घेऊन बाकावर या." आमच्याकडे २३० ते १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बंद डब्यात, फ्यूजसह बसवलेला आहे. त्याची १२ व्होल्टची बाजू मेन्सपासून वेगळी असते, म्हणून सीआरओ तिथे लावता येतो. असा डबाही इलेक्ट्रिशियनकडूनच बनवून घ्या.

आधी लाइटवर फोटो काढला. ५ व्होल्टच्या VOLTS/DIV वर सात चौकोन उंच, आकार साइन. ३५ व्होल्ट पीक-टू-पीक, पीक १७.५, आरएमएस १२.४. मग इन्व्हर्टरवर. पहिल्या फोटोत माथा तिरपा आला, कारण स्विच AC वर होता. DC वर टाकल्यावर जवळपास सपाट स्क्वेअर, मध्ये शून्यावर न थांबणारी, आणि उंची पाचच चौकोन.

"बघा, सातचे पाच झाले की नाही," मामा म्हणाले.

पण पाच चौकोन म्हणजे २५ व्होल्ट पीक-टू-पीक, पीक १२.५, आणि स्क्वेअरचं आरएमएस पीकइतकंच, १२.५. लाइटवर १२.४, इन्व्हर्टरवर १२.५. इन्व्हर्टर व्होल्टेज कमी देत नव्हता, त्याची वेव्ह वेगळी होती. बल्ब आणि इस्त्रीला दोन्ही सारखेच, कारण त्यांना आरएमएस लागतं. ज्याला पीक लागतं, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटरचा साधा सप्लाय, त्याला मात्र इन्व्हर्टरवर खरंच कमी व्होल्टेज मिळतं. मामांचा जुना बॅटरी चार्जर इन्व्हर्टरवर मंद चालत होता तो यामुळेच.

थांबायची दुसरी जागा सीआरओ स्वतः आहे. CAL टक्क बसलेला, प्रोबचा स्क्रू जुळवलेला, दुसरा प्रोब आणि दुसरा चॅनेल लावून झाला, तरीही कॅलिब्रेशन टर्मिनलची उंची छापलेल्या आकड्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त हटली, तर ते यंत्र कॅलिब्रेशनला पाठवा. दोन-तीन टक्के इकडेतिकडे जुन्या सीआरओत चालायचंच. झाकण उघडून आतले प्रीसेट फिरवू नका. पिक्चर ट्यूबच्या सीआरओत आत हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यानंतरही ते काही वेळ आत साठून राहतात. रिपेअरवाल्याला यंत्रासोबत दोन फोटो द्या, दोन्ही चॅनेलवर एकेक, कॅलिब्रेशन टर्मिनल लावलेला आणि नॉब दिसणारा. प्रोब 1X होता की 10X तेही लिहा.